चालत निघालं तरी गाडी लॉक होत नाही, आणि नको तेव्हा मात्र होते: कीलेस गाड्यांच्या दोन उलट्या तक्रारी

कीलेस गाड्यांच्या लॉकबद्दल दोन तक्रारी वारंवार येतात. पहिली अशी की गाडीपासून लांब गेल्यावर ती आपोआप लॉक व्हायला हवी, पण कधी होते आणि कधी होत नाही. दुसरी तक्रार बरोबर उलटी: चावी आत राहिली आणि गाडी स्वतःहून बंद झाली. सर्व्हिस सेंटरला नेलं की स्कॅनरवर एकही एरर दिसत नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड झालेलाच नसतो. गाडी तिच्या नियमाप्रमाणे वागलेली असते आणि तो नियम आपल्याला कोणी नीट सांगितलेला नसतो.

उदाहरणासाठी होंडाची पद्धत घेऊ. 2020 पासूनच्या पाचव्या पिढीच्या सिटीमध्ये आणि नंतरच्या एलिव्हेटमध्ये ही सोय मिळते आणि तिचे नियम स्पष्ट आहेत. इतर कंपन्यांच्या गाड्यांत अंतर आणि सेकंद बदलतात, तत्त्व फारसं बदलत नाही.

गाडीला नेमकं काय दिसतं

चावी किती लांब आहे, हे बहुतेक कीलेस गाड्यांना नेमकं मोजता येत नाही. दारांच्या हँडलमध्ये, केबिनमध्ये आणि डिकीजवळ लहान अँटेना बसवलेले असतात. ते साधारण 125 किलोहर्ट्झवर एक हाक देतात. चावी ती ऐकते आणि दुसऱ्या, बऱ्याच वरच्या फ्रीक्वेन्सीवर उत्तर देते. भारतातल्या बहुतेक गाड्यांत हे उत्तर 433 मेगाहर्ट्झच्या आसपास येतं. हाकेचं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढलं की फार झपाट्याने विरतं, म्हणून ती गाडीपासून दीड-दोन मीटरच्या पलीकडे पोचत नाही. चावीने कुठल्या अँटेनाची हाक ऐकली, यावरून गाडी तीनपैकी एक निष्कर्ष काढते: चावी आत आहे, चावी बाहेर पण जवळ आहे, किंवा चावी दिसत नाही.

हा तिसरा निष्कर्षच गोंधळाचं मूळ आहे. चावी खिशात घेऊन तुम्ही लिफ्टपर्यंत गेलात, की चावी स्टीलच्या डब्यामागे झाकली गेली, की तिची बॅटरी संपली, हे गाडीला वेगवेगळं कळत नाही. तिन्ही वेळा तिला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे चावी दिसत नाही.

चावीवरच्या बटणाचा प्रकार मात्र निराळा आहे. बटण दाबलं की चावी स्वतःहून आदेश पाठवते, तो बऱ्याच अंतरावरून पोचतो आणि त्यात चावी कुठे आहे याचा पत्ता नसतो. बटणाने केलेलं लॉक आणि अंतरावरून आपोआप झालेलं लॉक यांत हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येतो.

आपोआप लॉक होत नाही तेव्हा

होंडाच्या Walk Away Auto Lock मध्ये दोन टप्पे आहेत. गाडी बंद करून तुम्ही चावीसह उतरता आणि शेवटचं दार लावता. त्या क्षणी चावी गाडीबाहेर साधारण दीड मीटरच्या आत असली, तर गाडी एक बीप देते. ही बीप लॉक झाल्याची नाही. गाडीने चावी बाहेर पाहिली आहे आणि आता ती तिच्यावर लक्ष ठेवणार आहे, एवढाच तिचा अर्थ. मग तुम्ही दीड मीटरच्या पलीकडे जाऊन दोन सेकंद किंवा जास्त वेळ बाहेर राहिलात की दुसरी बीप येते, इंडिकेटर चमकतात आणि दारं लॉक होतात.

पहिली बीप आलीच नाही, तर दुसरी येणार नाही. तुम्ही पुण्यापासून नाशिकपर्यंत चालत गेलात तरी गाडी उघडीच राहील. म्हणून तपास नेहमी पहिल्या बीपपासून सुरू करायचा. ती न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे घाई: ड्रायव्हर उतरून चालू लागतो, मागे बसलेली आजी सावकाश उतरते आणि शेवटचं दार लागेपर्यंत चावी चार मीटर पुढे गेलेली असते. दार लागलं तेव्हा चावी जवळ नव्हती, म्हणून पहारा सुरूच झाला नाही. घरी कायम असंच होत असेल, तर सगळी दारं लागेपर्यंत ड्रायव्हरने गाडीशेजारी थांबायचं. बाकी काही दुरुस्त करायचं नाही.

दुसरं कारण म्हणजे दार, डिकी किंवा बॉनेट अर्धवट लागलेलं असणं. तिसरं, पॉवर बंद नसणं. ब्रेक न दाबता स्टार्टचं बटण दाबलं गेलं आणि अॅक्सेसरी चालू राहिली, तर आपोआप लॉक होणार नाही. चौथं कारण लवकर लक्षात येत नाही: दुसरी चावी गाडीत आहे. घरातल्या दोघांकडे एकेक चावी असते आणि एकीची पर्स मागच्या सीटवर राहिलेली असते. गाडीला आत चावी दिसते, म्हणून ती लॉक करत नाही. हे योग्यच आहे, फक्त मालकाला तो बिघाड वाटतो.

पहिली बीप आली आणि मग साधारण दोन सेकंदांची लांब बीप ऐकू आली, तर गाडीने पहारा सोडून दिला असं समजा. चावी खिडकीतून आत टाकली किंवा डिकीत ठेवली तर असं होतं. ही लांब बीप ऐकली की मागे फिरा, गाडी उघडी आहे.

काही जण उलट तक्रार करतात की ते गाडीजवळच उभे होते तरी लॉक झाली. तोही नियमच आहे. पहिल्या बीपनंतर तुम्ही जवळच रेंगाळलात, तर साधारण 30 सेकंदांनी होंडा दारं लॉक करते. चावी तुमच्याजवळच असल्यामुळे अडचण येत नाही, हँडलला हात लावला की दार उघडतं.

आणि याच हँडलमुळे एक खोटी तक्रार जन्माला येते. लॉक झालं का हे बघायला माणूस परत येतो, हँडल ओढतो आणि दार उघडतं. चावी खिशात असताना हँडलचा सेन्सर दार उघडणारच. खात्री करायची असेल तर दोन मार्ग आहेत. हँडलवरच्या सेन्सरने किंवा बटणाने लॉक करून पहिल्या दोन सेकंदांत हँडल ओढायचं, कारण तेवढा वेळ होंडा मुद्दाम दार उघडत नाही. नाहीतर चावी दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला पाच-सहा मीटर लांब उभं करायचं आणि मग हँडल ओढायचं. ज्या गाडीत लॉकबरोबर आरसे मिटतात तिथे लांबूनच कळतं, आणि रोजच्या वापरात ही सगळ्यात सोपी खूण आहे.

चावी आत आणि माणूस बाहेर

लोक यासाठी चालत जाण्याच्या लॉकला दोष देतात आणि ते सेटिंगच बंद करून टाकतात. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. ते लॉक करण्याआधी चावी बाहेर होती का आणि आता आत आहे का, हे दोन्ही तपासतं. ऑटो रीलॉकला अशी तपासणी करायची गरज वाटत नाही. तुम्ही बटणाने गाडी उघडली आणि ठरलेल्या वेळात एकही दार उघडलं नाही, तर गाडी समजते की बटण चुकून दाबलं गेलं, आणि परत लॉक करते. बऱ्याच गाड्यांत ही वेळ 30 सेकंद असते. अनेक गाड्यांमध्ये हा हिशोब निव्वळ घड्याळाचा असतो.

आता एक प्रसंग सेकंदांसह बघू. बाजारातून सामान आणलं आहे, चावी खांद्यावरच्या बॅगेत आहे, बॅगेत लॅपटॉप आणि स्टीलचा डबा आहे. चावीवरचं अनलॉक बटण दाबलं, इथून घड्याळ सुरू. दहाव्या सेकंदाला डिकी उघडली. काही गाड्या डिकीला दार म्हणून धरतात आणि घड्याळ थांबवतात, काही धरत नाहीत. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची आहे असं समजा. सामान लावत असताना तिसावा सेकंद येतो आणि चारही दारं लॉक होतात. डिकी उघडी असल्यामुळे तुमचं तिकडे लक्षही जात नाही. चाळिसाव्या सेकंदाला हात मोकळे हवेत म्हणून खांद्यावरची बॅगही डिकीत ठेवता आणि झाकण लावता.

आता एकच रखवालदार उरतो, डिकीजवळचा अँटेना. त्याला चावी दिसली तर गाडी बीप करते आणि डिकी पुन्हा उघडू देते. पण चावी लॅपटॉपच्या धातूच्या आवरणाला आणि डब्याला चिकटून आहे. कमी फ्रीक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र धातूपाशी दबतं, चावीला हाक ऐकूच येत नाही आणि ती उत्तर देत नाही. गाडीच्या लेखी चावी दिसत नाही. झाकण लागलं आणि तुम्ही बाहेर.

या साखळीतला कुठलाही एक दुवा तोडला की प्रसंग टळतो, पण सगळ्यात भरवशाचा दुवा म्हणजे चावीची जागा. चावी पँटच्या किंवा कुर्त्याच्या खिशात ठेवायची, बॅगेत किंवा पर्समध्ये नाही. सामान काढताना आधी एक दार उघडून ठेवायचं आणि मग डिकीकडे जायचं. दार उघडलं गेलं की रीलॉकचं घड्याळ रद्द होतं.

ज्या होंडांमध्ये Security Relock Timer हा पर्याय मिळतो, तिथे 30, 60 आणि 90 सेकंद असे तीन आकडे असतात. तो 90 वर ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. चुकून उघडलेली गाडी एक मिनिट जास्त उघडी राहण्याचा धोका, लहान मूल आणि चावी आत राहण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी लहान आहे.

चावीवरच्या लॉक बटणामुळेही असं घडतं. बॅग मागच्या सीटवर टाकली, दारं लावली, बॅगेतल्या पुस्तकाने बटण दाबलं गेलं. किंवा मुलाच्या हातात खेळायला चावी दिली. बटणाच्या आदेशात जागेचा पत्ता नसतो, त्यामुळे सगळी दारं लागलेली असली तर काही गाड्या तो आतूनही पाळतात. दोन चाव्यांच्या घरात आणखी एक प्रकार होतो. एकाची चावी गाडीत राहते, दुसरा स्वतःच्या चावीचं बटण दाबून गाडी लॉक करतो आणि लोकल पकडायला निघून जातो. पहिला परत येतो तेव्हा त्याची चावी काचेतून दिसते, हाताला मात्र लागत नाही.

आपल्या गाडीच्या आंधळ्या जागा शोधणे

माहितीपुस्तिकांत सहसा एवढंच लिहिलेलं असतं की डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात आणि डिकीच्या कोपऱ्यात चावी ओळखली जाईलच असं नाही. आपल्या गाडीत नक्की कुठे ओळखली जात नाही, हे अर्ध्या तासात तपासता येतं.

1. ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली करा. दुसरी चावी एखाद्या माणसाकडे देऊन त्याला 20-25 मीटर लांब उभं करा. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
2. चावी डॅशबोर्डवर काचेला लागून ठेवा, सगळी दारं लावा आणि बाहेरून हँडलवरच्या सेन्सरने किंवा बटणाने लॉक करून बघा. गाडीने नकाराची बीप दिली तर ती जागा दिसते. मुकाट लॉक झाली किंवा काहीच झालं नाही, तर ती जागा आंधळी आहे.
3. हेच दाराच्या कप्प्यात, ग्लोव्ह बॉक्समध्ये, मागच्या सीटखाली, डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि स्टेपनीच्या खळग्यात करा. मग चावी रोजच्या बॅगेत, रोजच्या लॅपटॉपशेजारी ठेवून डिकीत पुन्हा करा.
4. शेवटी रीलॉक तपासा. दारं लावा, बाहेरून चावीच्या बटणाने गाडी लॉक करा, उघड्या खिडकीतून चावी समोरच्या सीटवर ठेवा, तिथेच हात घालून तिचं अनलॉक बटण दाबा आणि दीड-दोन मिनिटं वाट बघा. गाडी लॉक झाली तर तुमच्या गाडीचं रीलॉक चावी कुठे आहे हे बघत नाही. मग हेच फक्त डिकी उघडून करा. डिकीला गाडी दार मानते का, ते कळेल.

चाचणीच्या आधी चावीची बॅटरी नवी घाला. बहुतेक चाव्यांत CR2032 हा 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. तो उतरत आला की बटण लांबून चालणं आधी कमी होतं. मग चावी कधी दिसते, कधी नाही, असं सुरू होतं, आणि त्या अवस्थेत केलेल्या चाचणीचा निकाल पुढच्या महिन्यात खरा राहत नाही. चावी मोबाईलच्या अगदी शेजारी किंवा वायरलेस चार्जरवर ठेवली तरीही असाच खेळ होतो.

जवळ गेल्यावर उघडणारी गाडी

हँडलला हात न लावता, नुसतं जवळ गेल्यावर उघडणाऱ्या गाड्या आपल्याकडे आता स्वस्त वर्गातही आहेत. रेनॉ कायगरचं हँड्स-फ्री कार्ड हे त्याचं उदाहरण. या सेटिंगची तक्रार जवळजवळ नेहमी पार्किंगच्या जागेमुळे येते. बंगल्याच्या भिंतीला लागून गाडी उभी असते आणि भिंतीच्या आतल्या बाजूला चाव्यांचा खिळा असतो. चावी कधी दिसते, कधी नाही, आणि गाडी रात्रभर उघड-मीट करते. यात चावीचा सेल आणि गाडीची 12 व्होल्टची बॅटरी दोन्ही उतरतात. अशा उघड-मिटीनंतर काही गाड्या हे सेटिंग तात्पुरतं थांबवतात आणि मालक म्हणतो की सकाळी गाडी उघडलीच नाही. चाव्यांची जागा गाडीपासून पाच-सहा मीटर लांब न्या. ते शक्य नसेल तर जवळ येण्याचं अनलॉक बंद ठेवा आणि चालत जाण्याचं लॉक चालू ठेवा. बहुतेक गाड्यांत ही दोन सेटिंग वेगवेगळी बदलता येतात.

गाडी धुताना आणि जोराच्या पावसात हँडलच्या सेन्सरवर पाण्याची धार पडली आणि चावी जवळ असली, तर गाडीला हात लागल्यासारखं वाटतं. धुताना चावी घरात ठेवा. होंडामध्ये चालत जाण्याचं लॉक तेवढ्यापुरतं बंद करायचं असेल, तर पॉवर बंद करून ड्रायव्हरचं दार उघडा आणि त्या दारावरचं मास्टर लॉक बटण लॉक, अनलॉक, लॉक, अनलॉक असं क्रमाने दाबा. बीप आली की ते बंद झालं. पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा चालू होतं.

अडकलातच तर

चावीच्या पोटातली धातूची किल्ली इथे उपयोगी नाही, ती आतच आहे. दुसरी चावी घरातल्याच ड्रॉवरमध्ये असेल तर घरापासून लांब असताना तीही नाही. कंपनीचं अॅप उघडण्याचा आदेश देऊ शकतं, पण त्याला गाडीच्या सिमला नेटवर्क हवं. तळघरातल्या दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगमध्ये ते नसतं, आणि मोबाईल बहुतेक वेळा चावीबरोबर त्याच बॅगेत असतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवरही तेच अॅप लॉग-इन करून, एकदा प्रत्यक्ष दार उघडून बघा. लॉग-इनचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो आणि तो गाडीत असतो, हा अडथळा आधीच दूर केलेला बरा.

दुसरी चावी आणली पण तिचा सेल मेलेला असेल, तर तिच्यातली किल्ली काढून ड्रायव्हरच्या हँडलमधल्या कुलपाला लावा. काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. दार उघडताच अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. आत बसून चावीची होंडाचं चिन्ह असलेली बाजू स्टार्टच्या बटणाला टेकवा, बीप आली की ब्रेक दाबून 10 सेकंदांत बटण दाबा. सेल मेला असला तरी चावीतली इमोबिलायझरची चिप इतक्या जवळून चालते, गाडी सुरू होते आणि अलार्म थांबतो.

मूल आत असेल तर यातलं काहीही करत बसू नका. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. 112 ला फोन करा आणि मूल उष्णतेने लाल झालेलं, रडून दमलेलं किंवा गप्प होऊ लागलेलं दिसलं तर काच फोडा. समोरची काच फोडू नका, ती दोन थरांची असते आणि तडकली तरी जागची हलत नाही. मुलापासून सर्वांत लांबच्या बाजूच्या दाराची काच निवडा आणि टोकदार, कठीण वस्तूने तिच्या खालच्या कोपऱ्यावर मारा. मधोमध मारलेला घाव बहुतेक वेळा वाया जातो.